चार, चार आणि एक बाद

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत 64 फ्लॅट आहेत, ए आणि बी अशा दोन विंग. गेल्या निवडणुकीत मी महिला राखीव जागेवरून पहिल्यांदाच समितीवर निवडून आले. समिती 11 जणांची, पण राखीव जागांपैकी दोन जागांसाठी अर्जच आले नव्हते, म्हणून प्रत्यक्षात आम्ही 9 जण. समिती निवडून आली की काम संपलं असं बऱ्याच सभासदांना वाटतं. खरं तर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार सभासद थेट निवडत नाहीत. समितीचे सदस्य आपल्यातून निवडतात, आणि त्यासाठी वेगळी सभा लागते. त्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं, त्याची ही हकीकत.

मी लिहिलं याचं कारण साधं होतं. जुन्या सचिवांची मुदत संपलेली, नवा सचिव अजून निवडायचा. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून आलेले साहेब सहकार खात्यातून निवृत्त झालेले, एकटेच आले होते. त्यांनी विचारलं, "कोणत्याही पदाला उभं राहणार नाही असं इथं कोण आहे?" आम्ही तिघांनी हात वर केले. "तुमच्यापैकी कोणाचं अक्षर वाचता येतं?" बाकी दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं जनरल रजिस्टर लिहिते, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवार होता, सकाळी 11 ची सभा, पंपरूमशेजारचं सोसायटीचं ऑफिस. प्रोसिडिंग बुक नवीन पान काढून माझ्यासमोर ठेवलं. लिहायला लागण्याआधी साहेबांनी पानांचे छापील क्रमांक सलग आहेत का ते तपासायला लावलं. मग म्हणाले, "ताई, एक करा. प्रत्येक ओळीच्या आधी वेळ लिहा. भिंतीवरच्या घड्याळाची. तुमच्या मोबाइलची नाही, सगळ्यांना दिसते ती." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

नोटीशीतच वेळापत्रक दिलेलं होतं. 11.10 ते 11.25 अर्ज भरणं, मग छाननी, 11.40 पर्यंत माघार, 11.45 ला गरज असेल तर मतदान, मतदान संपलं की लगेच मोजणी आणि निकाल. तिन्ही पदांचं एकत्र. उपस्थिती मी नावानं लिहिली आणि प्रत्येकाची सही घेतली. 9 पैकी 9 हजर.

अर्ज म्हणजे एका पानाचा नमुना. पदाचं नाव, उमेदवाराचं नाव, सूचकाची सही, अनुमोदकाची सही आणि खाली उमेदवाराची संमती. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की एका पदासाठी एका माणसानं एकाच अर्जावर सूचक किंवा अनुमोदक म्हणून सही करायची. दोन अर्जांवर केली तर जो आधी मिळाला तो धरणार, दुसरा बाद. हे सांगितल्याचं मी लिहून घेतलं.

अध्यक्षपदासाठी पहिला अर्ज 11.12 ला आला, बी विंगमधल्या काकांचा. रेल्वेतून निवृत्त झालेले, दोन वेळा सचिव राहिलेले, टाकीच्या व्हॉल्व्हपासून लिफ्टच्या करारापर्यंत सगळं तोंडपाठ. दुसरा 11.16 ला, ए विंगमधल्या मॅडमचा, त्या कॉलेजात शिकवतात. तिसरा आमच्यातल्या सगळ्यात तरुण सदस्याचा, 11.21 ला. त्या तिसऱ्या अर्जावर साहेबांचं बोट थांबलं. त्यावर अनुमोदक म्हणून जी सही होती, तीच काकांच्या अर्जावर सूचक म्हणून होती. माणूस भला, दोघांनाही नाही म्हणता आलं नसणार. साहेब शांतपणे म्हणाले, "अजून चार मिनिटं आहेत. दुसरा अनुमोदक मिळतो का बघा." मिळाला. 11.24 ला सुधारलेला अर्ज आला आणि मी त्याला नवा क्रमांक दिला, 3 च्या जागी 3-अ असं नाही. पहिला अर्ज "परत घेतला" म्हणून नोंदला, त्यावर उमेदवाराची सही घेतली.

तेव्हा माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. समितीत 9 जण. एका पदाला तीन उमेदवार आणि प्रत्येकाला दोन सह्या, म्हणजे तीन उमेदवार आणि सहा सह्या करणारे. सगळे 9 जण कागदावर बांधले गेले. खरं तर मतदान गुप्त, पण अर्जांकडे बघून कोण कुठं आहे हे कोणीही मांडू शकतं. मी स्वतः मॅडमच्या अर्जावर अनुमोदक होते आणि ते मी इतिवृत्तात माझ्या हातानं लिहिलं. मत मात्र कोणाला दिलं ते इथंही लिहिणार नाही.

सचिवपदासाठी दोन अर्ज आले, खजिनदारासाठी एकच, हिशेबात पक्क्या असलेल्या एका वहिनींचा. दुसरा अर्ज येत नाही म्हटल्यावर 11.25 लाच टाळ्या झाल्या आणि मी पटकन लिहून टाकलं, "खजिनदारपदी सर्वानुमते निवड झाली." साहेबांनी वही स्वतःकडे वळवली. एका वाक्यात माझ्या दोन चुका होत्या. पहिली, छाननी आणि माघारीची वेळ संपल्याशिवाय कोणीच निवडून येत नाही. वहिनींनी 11.35 ला अर्ज मागे घेतला असता तर? दुसरी, 'सर्वानुमते' म्हणजे सगळ्यांनी मत दिलं आणि ते एकाच बाजूनं दिलं. इथं मतदानच झालेलं नाही. एकच वैध अर्ज उरला म्हणून निवड झाली, त्याला 'बिनविरोध' म्हणायचं. शाळेतल्या ठरावांत मी इतकी वर्षं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत आले होते.

वाक्य खोडायचं कसं हेही त्यांनीच दाखवलं. व्हाइटनर नाही, गिरगटणंही नाही. एकच आडवी रेघ, खालची अक्षरं वाचता येतील अशी. बाजूला माझी आद्याक्षरं आणि वेळ. पुढच्या ओळीवर बरोबर वाक्य.

छाननी पाचएक मिनिटांत झाली, सगळे अर्ज वैध. मग माघारीची वेळ आली आणि इथं खरी ओढाताण सुरू झाली.

तरुण सदस्य खुर्चीवरून उठत म्हणाला, "साहेब, माझं नाव काढा. वडीलधारी माणसं असताना मी कशाला?" आणि चहा आणायला बाहेर गेला. सगळ्यांनी ऐकलं. मी लिहायला पेन टेकवलं तर साहेबांनी हात केला. "तोंडी माघार मी धरत नाही. त्यांना बोलवा." तो खाली टपरीवर गेलेला. वॉचमनला पाठवलं. घड्याळ 11.36. बी विंगमधले एक सदस्य म्हणाले, "अहो, सगळ्यांसमोर बोलला तो. आम्ही साक्षीदार आहोत ना." साहेबांचं उत्तर मला पटलं. ते म्हणाले, "उद्या तो म्हणाला की मी चेष्टेत बोललो, तर तुम्ही साक्षीला याल, पण त्याची सही कुठून आणाल?" 11.38 ला तो आला, चार ओळींचा अर्ज लिहिला, सही केली. माघारीची वेळ संपायला दोन मिनिटं होती. मी नोंद केली: "अध्यक्षपद, अर्ज क्रमांक 4, लेखी माघार, 11.38."

आणि 11.43 ला सचिवपदाच्या दोन उमेदवारांपैकी एक जण म्हणाले, "मीही माघार घेतो, उगाच मतदान कशाला?" त्यांनी लिहूनही दिलं. साहेबांनी तो कागद घेतला, त्यावर वेळ टाकली आणि "मुदतीनंतर प्राप्त, अग्राह्य" असं लिहून माझ्याकडे दिला. खोलीत जरा कुजबुज झाली. तीन मिनिटांसाठी इतका ताठरपणा कशाला, असं मलाही वाटलं. पण तीन मिनिटं चालवली तर तेरा का नाहीत, आणि मग मतपत्रिका छापल्यावर घेतलेली माघार का नाही? त्यांचं नाव मतपत्रिकेवर राहिलं. मत मागताना ते दुसऱ्याचं नाव सांगत होते, तरी त्यांना एक मत पडलंच. सचिवपदाचा निकाल 8 विरुद्ध 1 लागला. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

अध्यक्षपदाची मतपत्रिका म्हणजे एकाच कोऱ्या ताव कागदातून पट्टीनं फाडलेल्या 10 सारख्या चिठ्ठ्या. दोन नावं आडनावाच्या अकारविल्ह्यानं, समोर चौकोन, मागे साहेबांची सही. 9 वाटल्या, एक उरली ती सगळ्यांसमोर आडवी रेघ मारून रद्द. मतपेटी म्हणून चिवड्याचा धुतलेला स्टीलचा डबा. तो उलटा करून प्रत्येकाला दाखवला. कपाटामागे टेबल ठेवलं, त्यावर एकच निळं बॉलपेन, दोरीनं बांधलेलं. वेगवेगळी पेनं असली तर शाईवरून चिठ्ठी ओळखता येते.

मतदानाआधी साहेब उभे राहून स्पष्ट बोलले: "एकाच चौकोनात फुली करा. फुलीशिवाय काहीही लिहू नका. नाव, सही, टिपण, काही नाही. तसं असेल तर मत बाद." मी ते वाक्य शब्दशः लिहिलं, वेळ 11.46. त्या दिवशी मी लिहिलेल्या सगळ्या ओळींत हीच सर्वांत महत्त्वाची ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मोजणीला दोन्ही उमेदवार टेबलाजवळ. डब्यातून आधी चिठ्ठ्या न उघडता मोजल्या, 9. वाटलेल्या 9, निघालेल्या 9. मग एकेक उघडून वाचायला सुरुवात. मॅडम. काका. काका. मॅडम. मॅडम. काका. मॅडम. काका. चार-चार. नववी चिठ्ठी उघडल्यावर साहेब काही बोलले नाहीत. फुली काकांच्या नावासमोर होती, पण खाली सही होती.

का केली असेल ते समजण्यासारखं होतं. सकाळपासून प्रत्येक कागदावर सही करून करून हात सवयीनं गेला असणार. साहेबांनी ती सही कोणाला वाचू दिली नाही. अंगठा त्यावर ठेवून, सहीचं फक्त शेवटचं वळण बाहेर दिसेल अशी चिठ्ठी दोन्ही उमेदवारांसमोर धरली. "सही आहे हे दोघांना दिसतंय? कोणाची, ते मी दाखवणार नाही." दोघांनी मान हलवली.

काका मग बोलले, आणि त्यांच्या बोलण्यात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं. "साहेब, फुली स्पष्ट आहे. माणसानं सही केली म्हणजे मत आणखी पक्कं झालं की खोटं झालं? चेकवर सही नसली तर चेक परत येतो. इथं सही आहे म्हणून परत?"

मला त्यांचं म्हणणं क्षणभर बरोबरच वाटलं. त्या एका मतानं काका 5-4 नं अध्यक्ष झाले असते. साहेब म्हणाले, "चेकवर पैसे कोणाचे ते कळायलाच हवं. इथं मत कोणाचं ते कळायलाच नको. आज मी सहीचं मत चालवलं, तर पुढच्या वेळी कोणीतरी कोणालातरी म्हणेल, सही करून दे, म्हणजे मला खात्री पटेल. मग गुप्त मतदानाला काही अर्थ राहणार नाही." काका म्हणाले, "माझा आक्षेप आहे." साहेब लगेच म्हणाले, "जरूर. ताई, लिहा." काकांनी सांगितलं तसा आक्षेप मी लिहिला, खाली साहेबांचा निर्णय लिहिला: "मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असल्याने मत अवैध. मतदानापूर्वी 11.46 वाजता तशी सूचना देण्यात आली होती." वेळ 12.09. काकांनी त्याखाली सही केली. कोणाची सही होती ते इतिवृत्तात कुठंही नाही, आणि नसायलाच हवं.

राहिली समान मतं. काही जणांना वाटत होतं की सभेच्या अध्यक्षांना निर्णायक मत असतं, मग साहेबांनी द्यावं. पण साहेब समितीचे सदस्य नव्हते, त्यांना मतच नव्हतं, मग निर्णायक मत कुठून येणार? फेरमतदानाची मागणीही झाली. त्यावर साहेब म्हणाले की समान मतांना मार्ग एकच, चिठ्ठी. पुन्हा मतदान घेतलं तर मधल्या पंधरा मिनिटांत ज्यानं चुकून सही केली त्या माणसाला सगळे घेरतील, आणि तो कोण हे बाहेर पडेल.

एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे. एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, दोन्ही नावं दोघांना दाखवून सारख्या चार घड्या. चहाच्या रिकाम्या स्टीलच्या वाटीत टाकून वर दुसरी वाटी पालथी, हलवलं. चिठ्ठी कोणी काढायची यावरही आधी दोघांची संमती घेतली: वॉचमनदादांची सात-आठ वर्षांची मुलगी, जी ऑफिसच्या दारात उभी होती. तिनं डोळे मिटून एक काढली. मॅडमचं नाव. दुसरी चिठ्ठीही उघडून दाखवली, तिच्यावर काकांचंच नाव आहे याची खात्री व्हावी म्हणून. हे करायचं मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं.

12.21 ला साहेब उभे राहिले आणि तिन्ही पदांचा निकाल एकत्र जाहीर केला. मी तो अंकात आणि अक्षरात लिहिला: वाटप 9 (नऊ), वैध 8 (आठ), अवैध 1 (एक), दोघांना प्रत्येकी 4 (चार), चिठ्ठीनं निवड. वापरलेल्या मतपत्रिका, रद्द केलेली एक, अर्ज, माघारीचे कागद आणि दोन्ही चिठ्ठ्या एका पाकिटात. पाकीट चिकटवून तोंडावर दोन्ही उमेदवारांच्या आणि साहेबांच्या सह्या. शेवटी मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि पानावर खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारली, नंतर कोणी ओळ घुसवू नये म्हणून.

एका गोष्टीबद्दल मला आजही हळहळ वाटते. तिन्ही पदांचे अर्ज एकाच वेळी घेतल्यामुळे काकांना अध्यक्षपद गेल्यावर सचिवपदाला उभं राहता आलं नाही. त्या कामाला त्यांच्याइतका जाणता माणूस आमच्याकडे नाही. सुरुवातीला त्यांनी दोन्ही पदांना अर्ज भरला असता तर वाट मोकळी राहिली असती, पण ते कोणाला सुचलं नाही आणि नोटीशीतही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळी नोटीस निघेल तेव्हा एका पदाचा निकाल लागल्यावर पुढच्या पदाचे अर्ज घ्यावेत, असं मी आत्तापासूनच सुचवून ठेवलं आहे.

त्या इतिवृत्ताचा पहिला उपयोग बँकेत झाला. खात्यावरच्या सह्या बदलायला निवडीच्या सभेची प्रमाणित प्रत लागते. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचली, अध्यक्षांच्या निवडीपाशी पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "8 मतं आणि सदस्य 9?" मी पुढच्या ओळीकडे बोट केलं. त्यांनी वाचलं, शिक्का मारला.

दुसरा उपयोग काकांच्या मुलानं केला. आठवड्याभरानं तो आला, वडिलांना सहकार न्यायालयात जाता येईल का ते वकिलांना विचारायचंय, प्रत हवी म्हणाला. पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली तिथं नेता येतो, तो त्यांचा हक्कच. रीतसर अर्ज घेऊन नव्या सचिवांनी प्रत दिली. त्यानं तिथंच उभ्या उभ्या वाचली. "चिठ्ठी कोणी काढली ते आहे का?" आहे. "बाबांनी त्याला हो म्हटलं होतं?" तेही आहे, सहीसकट. "आणि सही करू नका असं आधी सांगितलं होतं?" 11.46 ची ओळ मी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली, प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. पुढे काही कागद आला नाही.

महिन्याच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय होता. नव्या अध्यक्ष म्हणून मॅडमनी विचारलं, "काही दुरुस्ती?" काका म्हणाले, "माझा आक्षेप जसा मी सांगितला तसाच लिहिलाय का, ते बघायचंय." मी वही त्यांच्यासमोर सरकवली. चष्मा वर करून, बोट ओळीखालून नेत त्यांनी सगळं पान वाचलं. मग मला म्हणाले, "ताई, मी 'दुखावलो' म्हणालो होतो, ते नाही लिहिलंत." मी म्हटलं, "काका, लिहू का?" ते थोडा वेळ पानाकडे बघत राहिले. "नको," म्हणाले, "आहे ते बरोबर आहे," आणि सही केली.